डोकेदुखीसाठी एमआरआय केला, रिपोर्टमध्ये व्हाइट मॅटरमध्ये बारीक ठिपके आले. कसा वाचायचा?

अनघा_मुलुंड

नमस्कार. वय ४६, शाळेत शिकवते. डोकं दुखणं मला नवीन नाही, कॉलेजपासून आहे, पण पूर्वी महिन्यातून एखाद-दोन वेळा व्हायचं. गेल्या पाच-सहा महिन्यांत फारच वाढलंय. एका बाजूने ठणकतं, उजेड नको वाटतो, मळमळतं. कधी कधी मात्र सकाळी उठल्यापासूनच सगळं डोकं जड असतं आणि दिवसभर तसंच राहतं.

फॅमिली डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला. दादरच्या एका सेंटरमध्ये केला, काल रिपोर्ट हातात आला. शेवटच्या भागात हे लिहिलंय, जसंच्या तसं उतरवते:

"फ्यू टायनी नॉन-स्पेसिफिक टी२ / फ्लेअर हायपरइंटेन्स फोसाय इन बायलॅटरल फ्रंटल सबकॉर्टिकल अँड डीप व्हाइट मॅटर. पॉसिबिलिटीज इन्क्लूड क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, मायग्रेन रिलेटेड चेंजेस. डिमायलिनेशन लेस लाइकली. क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड."

न्यूरॉलॉजिस्टची वेळ पुढच्या गुरुवारची मिळालीय. तोवर नेटवर शोधलं. 'इस्केमिक' टाकलं की पक्षाघात येतो, 'डिमायलिनेशन' टाकलं की मल्टिपल स्क्लेरोसिस. रात्री झोप लागली नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. हा रिपोर्ट नेमकं काय म्हणतोय आणि गुरुवारी मी काय विचारायला हवं, एवढं कुणी समजावून सांगेल का?

विनायक_गिरगाव

अनघाताई, स्मॉल व्हेसल इस्केमिक म्हणजे मेंदूतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन तिथे रक्त कमी पडणं. माझ्या सासूबाईंच्या रिपोर्टमध्ये हेच शब्द होते. वय ७१, बीपी जुनं. त्यांचं चालणं हळू झालं होतं, म्हणून तपासणी केली होती. हे सगळे बारीक बारीक स्ट्रोकच असतात, आपल्याला कळत नाहीत इतकंच. त्यांना लगेच अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली होती. गुरुवारपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, ७५ ची अ‍ॅस्पिरिन तरी सुरू करा.

क्ष_किरण

विनायकराव, रक्तवाहिन्यांबद्दल म्हणताय ते खरं आहे, पण अ‍ॅस्पिरिन कृपया कुणी धाग्यावर वाचून सुरू करू नये. ज्याला स्ट्रोक किंवा तात्पुरता स्ट्रोक येऊन गेलाय त्याला ती देतात. नुसते ठिपके दिसले म्हणून दिल्याने फायदा होतो असं दिसलेलं नाही, आणि पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मात्र वाढतो. सासूबाईंना ती का दिली असेल ते त्यांच्या डॉक्टरांना माहीत. त्यांची गोष्ट वेगळी असणार.

अनघाताई, मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोजचं काम हेच. तुम्ही फक्त 'इम्प्रेशन' उतरवलंय. त्याच्या वर 'फाइंडिंग्ज' म्हणून मोठा परिच्छेद असेल, तो बघा आणि चार गोष्टी सांगा. एक, डिफ्यूजनबद्दल, म्हणजे ताजा स्ट्रोक दाखवणाऱ्या फोटोबद्दल, काय लिहिलंय. दोन, कॉर्पस कॅलोसम, ब्रेनस्टेम आणि सेरेबेलम या मेंदूच्या तीन भागांचा उल्लेख आहे का. तीन, मशीनच्या चुंबकाची ताकद १.५ टेस्ला होती की ३ टेस्ला. चार, सेंटरला दिलेल्या चिठ्ठीवर तुमच्या डॉक्टरांनी काय लिहिलं होतं.

अनघा_मुलुंड

बघितलं. "नो रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन" आहे. कॉर्पस कॅलोसम, ब्रेनस्टेम, सेरेबेलम तिन्हींपुढे "नॉर्मल". व्हेंट्रिकल्सही नॉर्मल. मशीन ३ टेस्ला. चिठ्ठीवर फक्त "हेडेक, एमआरआय ब्रेन प्लेन" एवढंच होतं. तिथेही मला कुणी काही विचारलं नाही, अंगावर धातू किंवा पेसमेकर आहे का तेवढंच.

सदानंद_लालबाग

ताई, माझ्या भाच्याच्या मेंदूतही असाच डाग निघाला होता. त्याला फिट आली होती. तो डाग म्हणजे जंत होता, कच्च्या भाज्यांतून जातो म्हणतात. जंतावरची गोळी आणि फिटची गोळी घेऊन वर्षभरात डाग गेला. तुम्हीही जंताचं औषध घेऊन बघा.

क्ष_किरण

सदानंदजी, भाचा बरा झाला हे छान. त्याला बहुधा न्यूरोसिस्टिसरकोसिस झाला असेल, तो आपल्याकडे बराच दिसतो. पण तो डाग वेगळा. तिथे गाठ असते, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर तिच्याभोवती कडं उजळतं, आजूबाजूला सूज दिसते. अनघाताईंच्या रिपोर्टमध्ये यातलं काही नाही. जंताचं औषध इथे नको.

आता अनघाताईंच्या रिपोर्टबद्दल. थोडं लांबेल.

फ्लेअर हा एमआरआयमध्ये फोटो काढण्याचा एक प्रकार आहे. त्यात मेंदूभोवतीचं आणि आतल्या पोकळ्यांमधलं, म्हणजे व्हेंट्रिकल्समधलं, पाणी मुद्दाम काळं केलेलं असतं. त्यामुळे पेशींमध्ये कुठेही नेहमीपेक्षा जरा जास्त पाणी असेल तर ती जागा पांढरी उठून दिसते. 'हायपरइंटेन्स' म्हणजे एवढंच. तिथे पाणी का वाढलं हे चित्र सांगत नाही. जुन्या बीपीने रक्तवाहिनीची भिंत जाड झाली असेल, मायग्रेन असेल, सूज येऊन गेली असेल, नुसतं वय असेल, बारीक ठिपका सगळीकडे सारखाच दिसतो. म्हणून 'नॉन-स्पेसिफिक' लिहितात.

मग आम्ही कारणाचा अंदाज कशावरून करतो? मुख्यतः ठिपका कुठे आहे यावरून. व्हाइट मॅटर म्हणजे मेंदूच्या सालीखालचा तंतूंचा भाग. तुमचे ठिपके कपाळामागच्या भागात, मेंदूच्या सालीच्या खाली आणि थोडे खोलवर आहेत. निरोगी माणसांत आणि मायग्रेनवाल्यांत ते सापडण्याची ही अगदी नेहमीची जागा. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, तेच डिमायलिनेशन. त्याचे डाग बहुतेक वेळा पोकळ्यांना चिकटून, त्यांच्याशी काटकोनात लांबट असतात. कॉर्पस कॅलोसममध्ये असतात, सालीला अगदी खेटून असतात, ब्रेनस्टेममध्ये किंवा सेरेबेलममध्ये असतात. तुमच्या रिपोर्टमध्ये त्यातल्या तीन जागांपुढे स्पष्ट "नॉर्मल" लिहिलंय. इम्प्रेशनमधल्या एका 'डिमायलिनेशन'पेक्षा फाइंडिंग्जमधल्या या तीन "नॉर्मल"ना मी जास्त वजन देईन.

नंतर आकार. 'टायनी' म्हणजे साधारण तिळाएवढे किंवा त्याहून लहान. असे सुटे ठिपके असतील तर फझेकास मोजपट्टीवर ती पहिली पायरी. ही मोजपट्टी १९८७ सालापासून वापरात आहे, ० ते ३. दुसऱ्या पायरीला ठिपके एकमेकांना जोडू लागतात, तिसरीला मोठे पट्टे होतात. विनायकरावांच्या सासूबाईंचं चालणं हळू झालं होतं म्हणता, त्यांची पायरी वरची असण्याची शक्यता जास्त. शब्द तेच, चित्र वेगळं. सुटा ठिपका आणि स्ट्रोकही एक नव्हे. जुन्या बारीक स्ट्रोकची जागा बहुतेक पोकळ झालेली असते, फ्लेअरवर मध्ये काळी आणि कडेला पांढरी. आणि ताजा स्ट्रोक असता तर डिफ्यूजनवर उजळला असता. तिथे तुमचं काही नाही, म्हणजे गेल्या आठवडाभरात तसं काही घडल्याची खूण नाही.

राहिला प्रश्न की 'डिमायलिनेशन' लिहिलंच का. ज्याने रिपोर्ट लिहिला त्याच्यापुढे चिठ्ठीवर एकच शब्द होता, हेडेक. तुम्हाला कॉलेजपासून मायग्रेनसारखं दुखतंय, हातापायात कधी बधिरपणा आला नाही, बीपी किती आहे, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. अशा वेळी माणूस सगळ्या शक्यता लिहून ठेवतो आणि बाकीचं 'क्लिनिकल कोरिलेशन'वर, म्हणजे डॉक्टरांनी लक्षणांशी ताडून बघण्यावर, सोपवतो. पुढच्या वेळी कुणीही एमआरआयला गेलात तर टेक्निशियनला स्वतःहून सांगा, किती वर्षं, कुठे, कसं दुखतं आणि कुठली औषधं चालू आहेत. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत फरक पडतो.

केतकी_वि

अनघा, मी जरा वेगळं सांगते. माझ्या सख्ख्या बहिणीला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. तिलाही पहिल्यांदा "बहुतेक काही नाही" असंच सांगितलं होतं. तिला डोकेदुखी नव्हती. एका डोळ्याने अचानक धूसर दिसायला लागलं आणि डोळा हलवला की आत दुखायचं. महिनाभरात ते आपोआप कमी झालं, म्हणून घरात सगळ्यांनी सोडून दिलं. वर्षभराने दोन्ही पाय बधिर झाले तेव्हा एमआरआय केला. म्हणून वाटतं, तू कॉन्ट्रास्ट लावून परत करून घे, सोबत पाठीच्या कण्याचाही. मनाला शंका राहत नाही.

क्ष_किरण

केतकीताई, बहिणीची गोष्ट सांगितलीत ते फार बरं केलंत. कारण एमएस ओळखायची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. एक दिवसाहून जास्त टिकणारा, आठवडे रेंगाळून ओसरणारा असा काहीतरी प्रकार. एका डोळ्याची नजर, एका बाजूचा बधिरपणा, चालताना तोल. तशी गोष्ट असेल आणि डागही त्या जागांवर असतील तर कॉन्ट्रास्ट आणि कणा, दोन्ही करायलाच हवं. अनघाताईंच्या बाबतीत गोष्टही तशी नाही आणि जागाही तशा नाहीत. माझ्या मते आत्ता गरज नाही. अंतिम न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील, ते तपासून बघणार आहेत, मी नाही.

केतकी_वि

मान्य, तुम्ही त्यातले आहात. तरी माझ्या बहिणीचं वर्ष वाया गेलं ते मी विसरू शकत नाही. अनघा, गुरुवारी हा प्रश्न त्यांना स्पष्ट विचार, संकोच करू नकोस.

परिचारिका_परळ

मी परळला नर्स आहे, न्यूरो वॉर्डात बरीच वर्षं काढली. अनघाताई, ठिपके जरा बाजूला ठेवा. मला दोन गोष्टी विचारायच्यात. महिन्यातले किती दिवस डोकेदुखीची गोळी घेता? गोळ्या मोजू नका, दिवस मोजा. आणि बीपी शेवटचं कधी मोजलं?

अनघा_मुलुंड

गोळी पर्समध्येच असते. शाळेत तास असला की दुखायची वाट बघत नाही, आधीच घेते. मेडिकलवाल्याकडून मिळते तीच, पॅरासिटामॉल, कॅफिन आणि आणखी एक काहीतरी एकत्र असलेली. दिवस म्हणाल तर महिन्यातले निम्मे असतील, गेले पाच-सहा महिने. बीपी दोन वर्षांपूर्वी मोजलं होतं, तेव्हा नॉर्मल होतं. वडिलांना बीपी होतं.

परिचारिका_परळ

मग तुमची डोकेदुखी का वाढली याचं एक उत्तर पर्समध्येच असू शकतं. मिश्र घटकांची गोळी महिन्यात १० दिवस किंवा जास्त, तीन महिन्यांच्या वर घेत राहिलं, की गोळीच डोकेदुखी चालू ठेवते. मायग्रेनसाठीच्या ट्रिप्टान गोळ्यांचंही तेच. नुसती एका घटकाची पॅरासिटामॉल असेल तर ही हद्द १५ दिवसांची आहे. सकाळी उठल्याउठल्या जड डोकं, गोळी घेतली की तेवढ्यापुरतं बरं, ही त्याची नेहमीची तऱ्हा. वॉर्डात असे कितीतरी लोक मोठमोठे एमआरआय घेऊन येतात आणि गोळ्यांचं कुणी विचारलेलंच नसतं.

आजपासून वहीत मांडा. तारीख, दुखलं का, किती वाजता, गोळी कोणती. गुरुवारी ती वही रिपोर्टच्या आधी डॉक्टरांच्या हातात द्या.

बीपी घरी मोजा, दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. सकाळी चहाच्या आधी, लघवीला जाऊन येऊन, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं. पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, संध्याकाळी पुन्हा. सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर बीपी आहे असं धरतात. लोकलमधून उतरून धावत घरी आल्या आल्या मोजू नका.

विनायक_गिरगाव

अ‍ॅस्पिरिनचा सल्ला मागे घेतो. पण क्ष_किरण, एक सांगा. ठिपके आहेत आणि डोकं दुखतंय, तर ठिपक्यांमुळे दुखत नाही असं कसं म्हणता येईल?

क्ष_किरण

मेंदूच्या गाभ्याला स्वतःला दुखत नाही, वेदनेच्या तारा तिथे नाहीत. दुखतं ते मेंदूवरच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना. शिवाय असेच ठिपके आयुष्यात कधी डोकं न दुखलेल्यांतही दिसतात, साठीनंतर तर बहुतेकांत थोडेफार असतातच. म्हणून तुमचा प्रश्न मी उलटा करून विचारतो, मायग्रेनमुळे ठिपके येतात का? मायग्रेनवाल्यांत ते जास्त दिसतात एवढं पक्कं आहे. नेदरलँड्समध्ये लोकांना नऊ वर्षांनी पुन्हा एमआरआय करून पाहिलं, २०१२ साली ते छापून आलं. मायग्रेन असलेल्या बायकांत खोलवरचे ठिपके इतरांपेक्षा जास्त वाढले होते, पण स्मरणशक्ती-विचारशक्तीच्या चाचण्यांत त्यामुळे घसरण दिसली नाही. मायग्रेन त्यांना नेमके कसे आणतो, यावर अजून एकमत नाही.

बीपीचं मात्र नातं सरळ आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांचे ठिपके, १४० च्या खाली ठेवलेल्यांपेक्षा कमी वाढले. फरक लहान होता. ती माणसं पन्नाशीच्या पुढची होती, म्हणून अनघाताईंना तो आकडा जसाच्या तसा लावू नका. पण ठिपक्यांच्या बाबतीत आपल्या हातात काय आहे, तर बीपी आहे.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी. डोकेदुखी एका मिनिटाच्या आत शिगेला पोचली, आयुष्यात कधी अशी दुखली नव्हती असं वाटलं, सोबत ताप आणि मान आखडणं, तोंड वाकडं, बोलणं अडखळणं, हात उचलता न येणं, यातलं काहीही झालं तर रिपोर्ट वाचत बसू नका, थेट इमर्जन्सीला जा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही अंगावर काढू नये.

अनघा_मुलुंड

गुरुवारी जाऊन आले. सगळ्यांना सविस्तर लिहिते, तुम्ही एवढा वेळ दिलात.

डॉक्टरांनी आधी वही बघितली, मग अर्धा तास प्रश्न. डोळ्यांपुढे नागमोडी उजेडाच्या रेषा येतात का, एका डोळ्याने कधी धूसर दिसलं का, हातपाय बधिर झाले का. सगळ्याला नाही. मग डोळ्यात टॉर्चसारखं यंत्र धरून आत बघितलं. गुडघ्यावर हातोडी, तळव्यावर खरवडणं, एका रेषेत टाच-अंगठा लावत चालायला लावलं. त्यानंतर सीडी लावली. रिपोर्टचा कागद त्यांनी सगळ्यात शेवटी वाचला. मला स्क्रीनवर ठिपके दाखवले. मी मनात एवढे मोठे धरले होते, प्रत्यक्षात त्यांनी बोट ठेवलं तेव्हा कुठे दिसले.

निदान, मायग्रेन आणि त्यावर गोळ्यांच्या अतिवापराची डोकेदुखी. एमएसचं मी स्पष्ट विचारलं, केतकी. तपासणी नॉर्मल आहे आणि ठिपके त्या जागांवर नाहीत, म्हणून आत्ता कॉन्ट्रास्ट नको म्हणाले. तू सांगितलेली डोळ्याची लक्षणं कधी आली तर लगेच यायचं.

घरच्या बीपीची सरासरी १४४/९२ आली. यावर ते जास्त बोलले. कॅन्डेसार्टन सुरू केलीय, बीपीची गोळी आहे आणि मायग्रेन रोखायलाही उपयोगी पडते म्हणाले. पर्समधली गोळी बंद. पहिला आठवडा-दहा दिवस जास्त दुखेल असं सांगितलंय, अगदीच असह्य झालं तर त्यांनी दिलेली वेगळी गोळी, आठवड्यातून दोनच दिवस. साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, पोटॅशियम, बी१२ तपासायला दिलंय. अ‍ॅस्पिरिन नाही.

आज तिसरा दिवस, डोकं भयंकर दुखतंय. शाळेतून रजा घेतलीय. आईला सांगून टाकलं.

परिचारिका_परळ

तिसरा-चौथा दिवस सगळ्यात वाईट असतो, त्यात कॅफिनही एकदम सुटलंय. पाणी पीत राहा, खोलीत अंधार करा, जेवण चुकवू नका. उलट्या थांबेनात किंवा पाणीही ठरेना तर डॉक्टरांना फोन करा, शनिवार-रविवारची वाट बघू नका.

केतकी_वि

बरं वाटलं वाचून. एमआरआय पुन्हा कधी करायचा ते बोलले का? मी तरी वर्षाने करून घेतला असता.

अनघा_मुलुंड

मी विचारलं. म्हणाले, नवं लक्षण आलं तर कधीही. नाहीतर दोनेक वर्षांनी एकदा, तोही वाटलं तर. फॅमिली डॉक्टर मात्र दर वर्षी करा म्हणतायत. क्ष_किरण, तुम्हाला काय वाटतं?

क्ष_किरण

दर वर्षी करून यात काही हाती लागेल असं मला वाटत नाही. दोन-चार ठिपके कमी-जास्त दिसले तरी उपचार तोच राहणार, बीपी आणि मायग्रेन. दोन वर्षांनी एकदा करून बघण्यावर न्यूरॉलॉजिस्ट मंडळींतही मतं वेगळी आहेत, तुमच्या डॉक्टरांनी तपासलंय तेव्हा त्यांचं ऐका. केलात तर शक्यतो त्याच ३ टेस्लाच्या मशीनवर करा आणि जुनी सीडी सोबत न्या, नुसता कागद नको. १.५ वर आधी झालेला आणि नंतर ३ वर झालेला एमआरआय शेजारी ठेवला तर जास्त बारीक दाखवणाऱ्या मशीनवर नवे ठिपके दिसतात, जे आधीही तिथेच होते. असे 'वाढलेले' ठिपके घेऊन घाबरून आलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. सीडीची एक प्रत आजच लॅपटॉपवर उतरवून ठेवा.

विनायक_गिरगाव

सासूबाईंचा जुना रिपोर्ट काढून बघितला. फझेकास ३ लिहिलंय, आणि खाली जुन्या लॅक्युनर इन्फार्क्टचा, म्हणजे बारीक स्ट्रोकचाही उल्लेख आहे, तो मी कधी वाचलाच नव्हता. त्यांचं बीपी हल्ली कुणी मोजत नाही. दंडावरचं मशीन आज आणतोय. परिचारिकाताई, त्यांचा दंड फार बारीक आहे, नेहमीचा पट्टा चालेल का?

परिचारिका_परळ

पट्ट्यावर किती सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे ते छापलेलं असतं. टेपने दंडाचा घेर मोजून जा आणि त्यात बसणाराच घ्या. दंड बारीक आणि पट्टा मोठा असेल तर बीपी खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा, ज्या हातावर जास्त येईल तोच पुढे धरा. आणि त्या उभ्या राहिल्यावर एक मिनिटाने पुन्हा एकदा मोजा, या वयात उठल्यावर बीपी पडतं का तेही कळायला हवं.